परिणामकारक दान आणि स्थाननिष्ठा : पीटर सिंगर यांच्या दानविचाराची गडचिरोलीच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

दान कोणाला द्यावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा नात्याने दिले जाते. आपले गाव, आपली शाळा, आपले दैवत, आपला समाज, अशा क्रमाने दानाचा ओघ वाहत असतो. ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक पीटर सिंगर यांनी या क्रमालाच आव्हान दिले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'दुष्काळ, समृद्धी आणि नीती' या आशयाच्या निबंधाला १९७१ च्या पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या हालअपेष्टांची पार्श्वभूमी होती. मदत करण्याच्या कर्तव्याला अंतराने बाध येत नाही, हा त्या निबंधाचा गाभा होय. पुढे २०१५ मध्ये 'द मोस्ट गुड यू कॅन डू' या ग्रंथात त्यांनी याच भूमिकेला मापनाची जोड दिली. दान करणे पुरेसे नाही, उपलब्ध पर्यायांपैकी ज्याने सर्वाधिक हित साधेल तेथेच ते केले पाहिजे, आणि शक्य असल्यास देण्यासाठीच अधिक कमवावे, असा हा विचार आहे. 'परिणामकारक परोपकार' या नावाने तो ओळखला जातो.

मराठी महाविद्यालयीन विश्वाला 'कमवा आणि शिका' ही योजना परिचित आहे. 'देण्यासाठी कमवा' ही कल्पना मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली गेलेली नाही. प्रस्तुत निबंधात या विचारातील दोन युक्तिवाद तपासावयाचे आहेत. पहिला तुलनेचा, तर दुसरा बदलीचा. मोजता येणारा परिणाम आणि स्थानिक कार्यावरील निष्ठा या दोहोंत या विचाराने जो विरोध गृहीत धरला आहे, तो कितपत टिकतो हे पाहण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेच्या प्रयोगाची कसोटी येथे लावली आहे.

तुलनेचा युक्तिवाद : मार्गदर्शक श्वान आणि खुपरी

सिंगर यांचे एक उदाहरण विशेष गाजले. २०१३ मधील एका व्याख्यानात त्यांनी अशी मांडणी केली की, अमेरिकेत एका अंध व्यक्तीसाठी मार्गदर्शक श्वान व ती व्यक्ती अशा दोघांना प्रशिक्षित करण्यास सुमारे ४०,००० डॉलर लागतात. तेवढ्याच पैशांत विकसनशील देशांतील ४०० ते २,००० लोकांचे खुपरीमुळे आलेले अंधत्व बरे करता येईल. मग श्वानासाठी देणगी देणारा मनुष्य आपल्या देशबांधवावरील ममतेपोटी शेकडो लोकांना अंधारात ठेवतो, असा निष्कर्ष त्यातून अटळपणे निघतो.

या उदाहरणाची ताकद त्यातील गुणोत्तरात आहे. परंतु गुणोत्तर मांडण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू आहे काय, हे पाहावे लागते. खुपरी हा जिवाणूंमुळे होणारा नेत्ररोग आहे. लहानपणापासून वारंवार संसर्ग झाल्याने पापणीच्या आतील बाजूस व्रण पडतात, व्रण आकसले की पापणी आत वळते आणि पापण्यांचे केस बुबुळाच्या पारदर्शक पटलावर घासू लागतात. वर्षानुवर्षांच्या या घर्षणाने पटल पांढुरके होते व दृष्टी जाते. शस्त्रक्रियेत पापणीची कड बाहेरच्या दिशेने वळवली जाते. त्यामुळे वेदना थांबतात आणि पुढील हानी टळते. मात्र आधीच पांढरे झालेले पटल या शस्त्रक्रियेने पूर्ववत होत नाही. शिवाय लक्षणीय प्रमाणात रुग्णांच्या पापण्या पुन्हा आत वळतात.

म्हणजेच स्वस्त शस्त्रक्रिया 'अंधत्व बरे करते' हे वर्णन सदोष आहे. ती संभाव्य अंधत्व टाळते, तेही काही रुग्णांत आणि काही काळासाठी. मोतीबिंदूच्या बाबतीत गेलेली दृष्टी परत येते, तसे येथे घडत नाही. त्याच वर्षी अन्यत्र सिंगर यांनी खुपरीचे वर्णन अधिक काटेकोरपणे, म्हणजे भावी दृष्टिहानी टाळण्याच्या भाषेत केले आहे. पण व्याख्यानातील सुटसुटीत आवृत्तीच अधिक प्रसृत झाली. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, दुरुस्ती केल्यानंतरही खुपरीची शस्त्रक्रिया श्वानापेक्षा कितीतरी पटींनी अधिक परिणामकारक ठरू शकते. युक्तिवाद कोसळत नाही. मात्र ४०० ते २,००० या संख्यांतून भासणारा काटेकोरपणा कोसळतो.

आकड्यांच्या बाबतीत याहून बोलके उदाहरण जंतनाशक गोळ्यांचे आहे. विकसनशील देशांतील आरोग्यकार्यक्रमांचा खर्च आणि लाभ यांची तुलना करणाऱ्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मान्यवर आंतरराष्ट्रीय अहवालात, मातीतून पसरणाऱ्या जंतांवरील उपचाराने निरोगी आयुष्याचे एक वर्ष अवघ्या ३.४१ डॉलरमध्ये मिळते असे नमूद केले होते. २०११ मध्ये 'गिव्हवेल' या देणगीमूल्यमापन करणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्यामागील गणिताची मूळ तक्ते मागवून तपासणी केली, तेव्हा त्यात पाच स्वतंत्र चुका आढळल्या. त्या दुरुस्त केल्यावर आकडा ३२६.४३ डॉलर झाला. म्हणजे अंदाज जवळजवळ शंभर पटींनी चुकलेला होता.

या घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावावा लागेल. एकीकडे, अधिकृत अहवालातील आकडाही किती ठिसूळ असू शकतो हे त्यातून दिसते. दुसरीकडे, चूक सापडली ती आकडा स्पष्टपणे लिहिलेला होता म्हणूनच. 'आमचे कार्य फार मोठे आहे' या विधानात अशी चूक कधीच सापडत नाही, कारण त्यात तपासण्याजोगे काहीच नसते. परिणामकारक दानाचा खरा गुण त्याच्या अचूकतेत नसून तपासणीला सामोरे जाण्याच्या तयारीत आहे. हा गुण मान्य करूनच त्याची पुढील चिकित्सा करणे न्याय्य ठरेल.

बदलीचा युक्तिवाद : देण्यासाठी कमावणे

सिंगर यांच्या ग्रंथात मॅट वेज या विद्यार्थ्याची हकिगत येते. प्रिन्स्टन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेल्या या तरुणाने पुढील अध्ययनाची संधी नाकारून शेअरबाजारातील व्यवहार करणाऱ्या कंपनीत नोकरी पत्करली आणि वर्षभरातच तो आपल्या प्राप्तीचा सुमारे निम्मा भाग, सहा आकडी डॉलरांत, परिणामकारक ठरलेल्या संस्थांना देऊ लागला. या निवडीमागील तर्क ब्रिटनमधील विल्यम मॅकअस्किल यांनी विस्ताराने मांडला आहे. व्यवसायनिवडीचा सल्ला देणारी '८०,००० अवर्स' ही संस्था त्यांनी बेंजामिन टॉड यांच्यासमवेत २०११ मध्ये स्थापन केली.

हा तर्क साधा आहे. मी स्वयंसेवी संस्थेत नोकरी केली नाही, तर माझ्या जागी जवळजवळ तितकाच सक्षम दुसरा उमेदवार येईल. त्यामुळे माझ्या सेवेचे खरे मोल म्हणजे माझे काम आणि त्याचे काम यांतील फरक, आणि तो अल्प असतो. याउलट वित्तक्षेत्रातील जागा मी घेतली नाही, तर तेथे येणारा दुसरा मनुष्य निम्मा पगार दान करण्याची शक्यता जवळजवळ नाही. तेव्हा माझ्यामुळे पडणारा फरक तेथे मोठा असतो. सेवेच्या गौरवामागे दडलेला आत्मगौरव या तर्काने उघडा पडतो, हे मान्य करावयास हवे.

परंतु हा तर्क एका अटीवर उभा आहे. जागेसाठी स्पर्धा असली पाहिजे. जेथे एका पदासाठी शंभर अर्ज येतात, तेथे व्यक्ती बदलण्याजोगी असते. जेथे पद वर्षानुवर्षे रिकामे राहते, किंवा पदच अस्तित्वात नसते, तेथे 'माझ्या जागी दुसरा येईल' या वाक्याला आधार उरत नाही. सदर संस्थेनेही २०१५ पर्यंत आपला सल्ला सौम्य केला. दीर्घकाळ देण्यासाठी कमावणे हा मार्ग थोड्याच लोकांसाठी योग्य आहे, असे तिने जाहीर केले.

कमाईच्या स्रोताचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. सॅम बँकमन-फ्रीड या तरुणाने हाच सल्ला मानून वित्तक्षेत्र निवडले, आभासी चलनाचा 'एफटीएक्स' हा बाजार २०१९ मध्ये उभा केला आणि प्रचंड संपत्ती दान करण्याचा मनोदय जाहीर केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बाजार कोसळला. ग्राहकांच्या ठेवी अन्यत्र वळवल्याचे उघड झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. या विचाराच्या प्रवर्तकांनी अशा फसवणुकीचे समर्थन कधीच केलेले नाही, त्यामुळे एका व्यक्तीच्या गुन्ह्यावरून संपूर्ण विचार निकालात काढणे अनुचित होय. तथापि दानाच्या खात्यात जमेची बाजू बारकाईने तपासणारी ही परंपरा कमाईच्या बाजूकडे तितक्या बारकाईने पाहत नव्हती, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

गडचिरोलीचे उदाहरण

या दोन्ही युक्तिवादांची कसोटी पाहण्यास गडचिरोली हे उत्तम क्षेत्र आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले आणि भारतात परतून १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे कार्य सुरू केले. 'देण्यासाठी कमावणे' या तत्त्वानुसार पाहता हा निर्णय वरकरणी अकार्यक्षम ठरतो. दोन उच्चशिक्षित डॉक्टरांनी परदेशात व्यवसाय करून निम्मी प्राप्ती दान केली असती, तर कितीतरी मोठी रक्कम उभी राहिली असती.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. त्या काळी जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत होणारे बालमृत्यू रोखायचे तर रुग्णालय हवे, अशी सर्वमान्य समजूत होती. गडचिरोलीतील गावांत बाळंतपणे घरी होत आणि आजारी अर्भकाला रुग्णालयात नेण्यास कुटुंबे सहसा तयार नसत किंवा त्यांना ते शक्य नसे. 'सर्च'ने गावातीलच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, ऊब राखणे, स्तनपानास साहाय्य करणे, आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे या स्त्रिया घरोघरी जाऊन करू लागल्या. डॉक्टराने नव्हे, तर गावातील बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे, ही कल्पना वैद्यकीय वर्तुळात सहज पचणारी नव्हती.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३९ गावांत ही सेवा दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी घेण्यात आली. सेवेच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५८ वरून ५९.६ झाले, म्हणजे जवळजवळ स्थिर राहिले. प्रत्येक बाळामागे सेवेचा खर्च ५.३ डॉलर होता आणि दर १८ बाळांच्या शुश्रूषेमागे एक मृत्यू टळला. या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर एक मृत्यू टाळण्याचा खर्च सुमारे ९५ डॉलर येतो. परिणामकारक दानाच्या कोणत्याही तराजूत तोलले तरी हा आकडा विलक्षण आहे.

मात्र वर खुपरीला जी चाळणी लावली, तीच येथेही लावली पाहिजे. ९५ डॉलर हा सेवेचा खर्च आहे. त्याआधीच्या दशकभरात संस्था उभी करण्यात, लोकांचा विश्वास मिळवण्यात आणि माहितीसंकलनाची घडी बसवण्यात जे खर्ची पडले, ते या गुणाकारात मावत नाही. मृत्यूचे मूळ प्रमाण अतिशय मोठे असल्याने टळलेले मृत्यूही अधिक होते. जेथे मूळ प्रमाण कमी असेल तेथे तोच खर्च कमी मृत्यू टाळील. शिवाय गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. पुढे बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात अशाच स्वरूपाच्या घरगुती सेवेचा प्रयोग झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंतील घट सुमारे ३४ टक्के होती. सेवेचा तपशील व परिस्थिती भिन्न असल्याने दोन्ही आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत, परंतु गडचिरोलीचा आकडा जसाच्या तसा दुसरीकडे नेता येत नाही एवढे त्यातून स्पष्ट होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बदलीचा युक्तिवाद येथे लागू पडतो काय? बंग दांपत्य गडचिरोलीस गेले नसते, तर त्या 'जागेवर' दुसरे कोणी आले नसते, कारण ती जागा कोणत्याही जाहिरातीत नव्हती. त्यांनी परदेशी राहून कितीही देणगी पाठवली असती, तरी १९८० च्या दशकात त्या पैशांनी नवजात बालकांची घरगुती शुश्रूषा विकत घेता आली नसती, कारण ती अद्याप निर्माणच व्हावयाची होती. देणगीदार फक्त अस्तित्वात असलेल्या पर्यायांतून निवड करू शकतो. पर्याय निर्माण करण्यासाठी कोणीतरी एका ठिकाणी दीर्घकाळ राहावे लागते. देण्यासाठी कमावणारा मनुष्य अशा राहणाऱ्यांवर अवलंबून असतो, ही बाब सिंगर यांच्या मांडणीत पुरेशी येत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा मापनाचा आहे. ६२ आणि २५.५ हे आकडे कोठून आले? गावात कोणाच्या घरी बाळ जन्मले, ते कोणत्या दिवशी दगावले, की मृतच जन्मले, ही माहिती सरकारी नोंदीतून मिळत नव्हती. घरात झालेला अर्भकाचा मृत्यू अनेकदा कुठेच नोंदला जात नसे. तो सांगितला जाण्यासाठी विचारणारी व्यक्ती त्या घराच्या विश्वासातील असावी लागते आणि नोंद पडताळणाराही गाव ओळखणारा असावा लागतो. आकड्याच्या पाठीमागे अनेक वर्षांचे वास्तव्य होते. मोजता येणारा परिणाम हा स्थाननिष्ठेचा प्रतिस्पर्धी नसून या बाबतीत तिचेच अपत्य होता.

स्थाननिष्ठेच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून स्थानिक निष्ठेचा सरसकट पुरस्कार करणे मात्र चुकीचे ठरेल. आपल्या समाजात 'स्थानिक' हा शब्द पुष्कळदा जातीचे दुसरे नाव असतो. कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वसतिगृहे उभी राहिली. ज्ञातिनिष्ठेचे रूपांतर शिक्षणात करण्याचा राजर्षी शाहू महाराजांचा तो द्रष्टा उपाय होता. तथापि तो उपाय लागला, कारण दाता स्वतःहून जातीबाहेर पाहत नव्हता. ज्या समूहात दाते नाहीत, त्या समूहाच्या वाट्याला निष्ठेवर आधारलेले दान येतच नाही. 'सर्वांचे दुःख सारखेच मोजा' या सिंगर यांच्या आग्रहाची धार आपल्या संदर्भात येथे जाणवते. गडचिरोलीतील आदिवासी अर्भक पुण्या-मुंबईतील बहुतेक दात्यांच्या दृष्टीने 'आपले' नव्हतेच.

याच प्रयोगाच्या पुढील वाटचालीतही मापनाचा वाटा निर्णायक आहे. ३९ गावांतील कार्य केवळ आत्मीयतेच्या बळावर सांगितले गेले असते, तर ते एका निष्ठावान दांपत्याची प्रेरक कथा म्हणून उरले असते. तुलनेची ४७ गावे आणि हजारी प्रमाण यांमुळेच ते इतरांना तपासता आले, आणि २०११ मध्ये भारत सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. निष्ठेने कार्य घडले, आणि मापनाने ते जिल्ह्याची सीमा ओलांडून गेले.

निष्कर्ष

१. सिंगर यांचा तुलनेचा युक्तिवाद तत्त्वतः टिकतो, परंतु दोन्ही बाजूंच्या परिणामाचे वर्णन समान निकषाने केलेले असेल तरच. 'बरे करणे' आणि 'हानी टाळणे' यांतील भेद पुसून मिळवलेले गुणोत्तर दात्याची दिशाभूल करते. आकडा पुढे ठेवणाऱ्याला दात्याने प्रथम हेच विचारावे की, नेमके काय मोजले आणि ते कोणी मोजले.

२. देण्यासाठी कमावण्याचा मार्ग स्पर्धा असलेल्या जागांबाबत सयुक्तिक आहे. जेथे काम करण्यास कोणी उपलब्ध नाही, तेथे व्यक्तीच्या उपस्थितीचे मोल पैशात रूपांतरित होत नाही.

३. स्थाननिष्ठा आणि मापन यांत मूलतः विरोध नाही. खरा विरोध आहे तो तपासणी नाकारणारी निष्ठा आणि स्थळाचे ज्ञान नसलेले मापन यांच्यात. गावाची निष्ठा सांगणाऱ्या संस्थेने तुलनेचे गाव कोणते, हे सांगावे. आकडे सांगणाऱ्या संस्थेने ते आकडे कोणाच्या उंबरठ्यावरून आणले, हे सांगावे. या दोन प्रश्नांची उत्तरे जेथे एकत्र मिळतात, तेथे दिलेले दान स्थानिक आहे की दूरचे, हा भेद गौण ठरतो.